सुखरूप परतलेली उड्डाणंही मोज

*ताई, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय तत्त्वज्ञान. पुढच्या आठवड्यात आमच्या वादविवाद मंडळात ‘इंजिनिअरांच्या जगात तत्त्वज्ञान कालबाह्य झालं आहे’ या विषयावर वाद आहे. मला विरोधात बोलायचंय, पाच मिनिटं. समोर बसणारे जवळपास सगळे इंजिनिअरिंगचे. मसुदा सोबत जोडलाय. सुरुवात सॉक्रेटिसपासून केली आहे आणि ‘तत्त्वज्ञान माणसाला प्रश्न विचारायला शिकवतं’ असा शेवट आहे. मैत्रिणीला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, छान आहे, पण यात खोडून काढण्यासारखं काहीच नाही आणि पटण्यासारखंही काही नाही. काय करू?*

तुझ्या मैत्रिणीने नेमकं दुखणं पकडलंय. मसुद्यातल्या प्रत्येक वाक्यातून ‘तत्त्वज्ञान’ काढ आणि तिथे ‘इतिहास’ किंवा ‘संगीत’ घालून बघ. ‘इतिहास माणसाला प्रश्न विचारायला शिकवतो.’ ‘संगीत आयुष्याला अर्थ देतं.’ वाक्यं जशीच्या तशी उभी राहतात. म्हणजे ती तत्त्वज्ञानाबद्दल नव्हतीच. या कसोटीला उतरतो तो फक्त सॉक्रेटिस, आणि त्याच्या विषाच्या प्याल्याचा इंजिनिअरिंगशी संबंध लावायला तुला आणखी पाच मिनिटं लागतील.

दुसरं म्हणजे ‘तुम्हाला यंत्रं कळतात, माणूस कळत नाही’ हा जो सूर मधल्या परिच्छेदात लागलाय, तो काढून टाक. सभागृहातली निम्मी मुलं तिथेच कान बंद करतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. त्यांच्याच अंगणात जा. असा एक प्रसंग घे जिथे इंजिनिअर हुशार होते, प्रामाणिक होते, आकडे त्यांच्या हाताशी होते, आणि तरी गाडी अडली ती आकड्यांवर नाही, ‘कशाला पुरावा म्हणायचं आणि तो कोणी द्यायचा’ या प्रश्नावर. हा प्रश्न तुझ्या विषयाचा आहे. त्याच्यासाठी भांडता येतं.

मी चॅलेंजर अंतराळयानाचा प्रसंग घेतला असता. खाली भाषण लिहून देते आहे. पाठ करू नकोस, तुझ्या तोंडी बसेल असं बदल. त्यानंतर, भाषणात येणार नाही पण तुला ठाऊक असायला हवं, ते सांगते.

---

सन्माननीय परीक्षक आणि मित्रमैत्रिणींनो,

२७ जानेवारी १९८६ची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडातून चॅलेंजर हे अंतराळयान उडणार आहे, आणि तिथे कडाक्याची थंडी पडली आहे. यानाच्या दोन्ही अंगांना जी बूस्टर रॉकेटं असतात, ती तुकड्यातुकड्यांनी जोडलेली असतात. त्या सांध्यांमध्ये रबराची दोन-दोन कडी असतात, आतला धगधगता वायू बाहेर फुटू नये म्हणून. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर फोनवर नासाच्या अधिकाऱ्यांना सांगतायत: थंडीत रबर ताठरतं. उद्या उडवू नका.

त्यांना विचारलं जातं, पुरावा काय?

ते म्हणतात, आजवरचं सगळ्यात थंड उड्डाण १२ अंश सेल्सिअसचं. त्यात वायू पहिल्या कड्याला चुकवून पुढे निसटला होता. समोरून उत्तर येतं, २४ अंशांच्या उड्डाणातही निसटला होता. मग थंडीचा संबंध कुठे राहिला?

हे उत्तर बिनतोड वाटतं. आता मी तुम्हाला ३०० वर्षांहून जुन्या एका पाठाकडे नेते. अन्नंभट्ट नावाच्या पंडितांनी तर्कशास्त्र शिकायला लागलेल्या मुलांसाठी तर्कसंग्रह नावाचं छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यातलं उदाहरण साधं आहे. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे आग आहे. हे म्हणायचा अधिकार मला कधी मिळतो? स्वयंपाकघरात धूर आणि आग एकत्र पाहिली, एवढ्यावर भागत नाही. जिथे आग नाही अशी जागाही पाहावी लागते. तळं. तळ्यात आग नाही, आणि धूरही नाही. पहिल्याला अन्वय म्हणतात, दुसऱ्याला व्यतिरेक.

आणि लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा? त्यात आग आहे, पण धूर नाही. त्याने माझं म्हणणं खोटं पडतं का? अजिबात नाही. धूर असेल तिथे आग असते, एवढंच मी म्हटलं होतं. आग असेल तिथे धूर असतोच, असं मी कधी म्हटलं?

परत फोनवर या. इंजिनिअर म्हणत होते, थंडी असेल तर कड्यांना धोका. समोरचे म्हणाले, थंडी नसतानाही इजा झाली होती. ते २४ अंशांचं उड्डाण म्हणजे लोखंडाचा गोळा! त्याने इंजिनिअरांचं म्हणणं खोटं पडतच नव्हतं. आणि तळं कुठे होतं? ज्या उड्डाणांत कड्यांना काहीही झालं नाही, ती उड्डाणं म्हणजे तळं. तिकडे कुणी पाहिलंच नाही.

अपघातानंतर चौकशी आयोगाने पाहिलं. १९ अंश किंवा त्याहून उबदार असताना २० उड्डाणं, त्यातल्या ३ मध्ये कड्यांना इजा. १७ अंश किंवा त्याहून थंड असताना ४ उड्डाणं, आणि चारही वेळा इजा. कड्यांना काहीच न झालेल्या उड्डाणांमध्ये थंडीतलं एकही उड्डाण नव्हतं. हे आकडे आदल्या रात्रीही होते. नवं यंत्र नको होतं, नवा प्रयोग नको होता.

त्या रात्री आणखी एक गोष्ट झाली. एरवी उड्डाणाआधी ‘हे सुरक्षित आहे’ असं सिद्ध करावं लागे. त्या रात्री इंजिनिअरांकडून ‘हे असुरक्षित आहे’ याची सिद्धता मागितली गेली. तुम्ही सगळे वाद घालणारे आहात. सिद्ध करण्याची जबाबदारी या बाजूची त्या बाजूला गेली की तोच पुरावा हरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ही जबाबदारी कोणाची, हे कुठल्याही सूत्रातून निघत नाही. ते ठरवावं लागतं आणि तसं का ठरवलं याची कारणं द्यावी लागतात. ती कारणं तपासणारा विषय आज तुम्ही कालबाह्य ठरवायला निघाला आहात.

कुणी म्हणेल, त्या रात्री इंजिनिअरच बरोबर होते. होतेच! मी त्यांच्याच बाजूने बोलते आहे. त्यांच्याकडे ज्ञान होतं, धीर होता. ‘तुमचं उत्तर माझ्या प्रश्नाचं नाही, आणि तुमचा प्रश्नच उलटा आहे’, हे दोन मुद्दे त्या फोनवर कुणीतरी मांडून लावून धरायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी चॅलेंजर उडालं. ७३ सेकंदांत आकाशात त्याचे तुकडे झाले. आत ७ जण होते. आदल्या रात्रीच्या त्या फोनबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

---

एवढंच. शेवटच्या वाक्यानंतर ‘धन्यवाद’ म्हण आणि बस. ‘म्हणून मित्रहो, तत्त्वज्ञान’ असं काही जोडायचा मोह होईल. जोडू नकोस.

आता पोटातलं. पहिली गोष्ट रबराच्या कड्याची, कारण इंजिनिअरिंगचा कुणीतरी हमखास विचारणार. बूस्टर पेटला की आतला दाब एकदम वाढतो, बूस्टरची भिंत किंचित फुगते आणि सांध्यातली फट सेकंदाच्या काही अंशात जराशी रुंदावते. दाबलेलं रबर तेवढ्याच वेळात उसळी घेऊन ती फट भरून काढायला हवं. गार रबर उसळी घेतं, पण उशिरा. तेवढ्या उशिरात वायूला वाट मिळते. त्या दिवशी उड्डाणाच्या वेळी हवा साधारण २ अंशांवर होती. आधीच्या कुठल्याही उड्डाणाला इतकी थंडी नव्हती. म्हणजे इंजिनिअरांचं म्हणणं नुसत्या आकडेमोडीवर उभं नव्हतं. त्याच्यामागे ‘असं का होतं’ हे सांगणारं कारणही होतं. वादात ही गोष्ट हाताशी ठेव. सहचार दाखवणं आणि कारण दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्याकडे दुसरी होती.

रॉजर बोजोले हे नाव लक्षात ठेव. त्या कंपनीतल्या ज्या इंजिनिअरांनी सगळ्यात जोरात विरोध केला, त्यांतला हा एक. जुलै १९८५मध्येच त्याने या सांध्यांबद्दल वरिष्ठांना लेखी इशारा दिला होता. १२ अंशांच्या उड्डाणानंतर परत आणलेले बूस्टर त्याने स्वतः तपासले होते. दोन कड्यांच्या मधलं ग्रीस काळंकुट्ट झालं होतं, आणि ते बऱ्याच मोठ्या भागावर. २४ अंशांच्या उड्डाणातलं काळेपण त्या मानाने फिकं आणि थोड्याच भागावर होतं. म्हणजे दोन्ही उड्डाणांत वायू निसटला हे खरं, पण ‘दोन्हीकडे सारखंच झालं’ हे खोटं. हे त्याने फोनवर सांगितलंही. त्यावर त्याला विचारलं गेलं की हा फरक आकड्यांत मांडता येतो का. तो म्हणाला, नाही, पण कल वाईटाकडे आहे हे मला दिसतंय. मला विचारशील तर सगळ्या प्रकरणातला सर्वांत तात्त्विक क्षण हाच. डोळ्यांनी पाहिलेलं काळं ग्रीस पुरावा ठरतं की आकडा झाल्याशिवाय ते नुसतं मत असतं? ज्याने हा नियम लावला त्याला वाटलं असेल की आपण काटेकोर आहोत. पण ‘जे मोजलं नाही ते पुरावा नाही’ हे वाक्य स्वतः कुठल्या मोजमापातून आलं? ते एक तात्त्विक मत आहे, फक्त बोलणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. भाषणात हे बसवायला वेळ नाही. प्रश्नोत्तरांत मात्र संधी मिळाली तर सोडू नकोस.

पुढे काय झालं हेही माहीत असू दे. कंपनीची लेखी शिफारस होती की १२ अंशांच्या खाली उडवू नये. नासाकडून त्यावर जोरदार नाराजी आली. कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली आणि ती जवळपास अर्धा तास चालली. त्या वेळात एका वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला ‘इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल’ अशा अर्थाचं सांगितलं, आणि शिफारस फिरली. ही टोपी फार गाजलेली आहे, त्यामुळे समोरून ती येणारच: ‘हा तर व्यवस्थापनाचा दोष, तत्त्वज्ञानाचा संबंध काय?’

याला उत्तर देताना घाई करू नकोस. दबाव होता हे मान्य कर. मग विचार, दबाव आणणाऱ्याच्या तोंडी युक्तिवाद कुठला होता? ‘२४ अंशांनाही झालं होतं’ हा. दबाव नुसता आला असता तर तो दबाव म्हणून ओळखू आला असता. तो युक्तिवादाच्या वेशात आला, आणि युक्तिवाद फसवा होता तरी त्या फोनवर कुणी त्याची गाठ सोडवली नाही. आयोगापुढे साक्ष देताना बोजोलेने उलटलेल्या जबाबदारीबद्दल स्पष्ट सांगितलं आहे: उडवायचं नाही हे आम्हीच निर्विवाद सिद्ध करून द्यावं अशी अपेक्षा होती, आणि एरवी असतं त्याच्या हे अगदी उलट होतं. त्याला ते कळलं होतं. पण त्या बैठकीला तो कामकाजाचा मुद्दा वाटला नाही.

इथेच एक सावधगिरी. ‘त्या खोलीत तत्त्वज्ञ असता तर ७ जीव वाचले असते’ असं चुकूनही म्हणू नकोस. ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि समोरच्याला ते खोडायला एक वाक्य पुरतं. तुझा दावा छोटा आहे: तो युक्तिवाद त्याच रात्री, हाताशी असलेल्या माहितीवर खोडता येण्यासारखा होता, आणि तो खोडायची रीत तुझ्या विषयात पहिल्या वर्षाला शिकवतात.

दुसरा हल्ला जास्त अवघड आहे. कुणीतरी म्हणेल, ‘न बिघडलेली उड्डाणं मोजा, हे तर संख्याशास्त्र. ते आम्हाला शिकवतात. तत्त्वज्ञान कशाला?’ यातलं अर्धं देऊन टाक. तक्त्याचा भाग संख्याशास्त्राचाच आहे आणि चांगल्या संख्याशास्त्रज्ञाने तो त्या रात्री दहा मिनिटांत मांडला असता. आता उरलेलं अर्धं माग. तक्ता मांडला, २० पैकी ३ आणि ४ पैकी ४. पुढे? ४ उड्डाणं थोडीच आहेत, आणि २ अंशांचं तर एकही नाही. शंका शिल्लक राहतेच. ती किती उरली म्हणजे थांबायचं? संख्याशास्त्र म्हणेल, आधी तुम्ही सांगा कुठली चूक तुम्हाला जास्त महागात पडते. उगाच थांबलो तर एक दिवस जातो, वेळापत्रक कोलमडतं, वर्तमानपत्रं हसतात. उगाच उडालो तर ७ माणसं जातात. या दोन चुका एका तागडीत घालायच्या की नाही, घालायच्या तर कशा, आणि ज्यांचा जीव जाणार त्यांना न विचारता त्या तोलायचा अधिकार कोणाला आहे, हे तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात नसतं. एकदा ही असमानता मान्य केली की सिद्ध करण्याची जबाबदारी ‘उडवा’ म्हणणाऱ्यावर का असावी, याचं कारणही मिळतं. भाषणात आपण नुसतं म्हटलं की कारणं द्यावी लागतात. कुणी ‘मग द्या’ म्हणालं तर हे दे.

तिसरा मुद्दा मी समोरच्या बाजूला असते तर मांडला असता: ‘ठीक, तर्कशास्त्राचा एक पेपर इंजिनिअरिंगला लावा. तत्त्वज्ञानाचा अख्खा विषय कशाला जिवंत ठेवायचा?’ याला माझं उत्तर अन्नंभट्टांकडेच आहे, पण मुलांच्या पाठात नाही. त्यांनी स्वतःच्या पुस्तकाचा अर्थ उलगडणारी टीकाही लिहिली आहे, तिचं नाव दीपिका. तिथे शंका अशी काढली आहे: पृथ्वीतत्त्वाची जी वस्तू, तिच्यावर लोखंडाने ओरखडा उठतो, हे शेकडो वेळा पाहिलं. तरी हिऱ्यावर उठत नाही. मग पुष्कळ वेळा पाहिलं म्हणून नियम हाती आला, असं म्हणायचं तरी कसं? आता हीच शंका नासाच्या भाषेत घाल. शटल यानांची आधीची २४ उड्डाणं, त्यातल्या काहींत कड्यांना इजा होऊनही, सुखरूप परतली, म्हणून पंचविसावंही परतेल. चॅलेंजरचं ते उड्डाण पंचविसावंच होतं. दीपिकेतलं उत्तर असं, की नुसतं पुष्कळ वेळा एकत्र दिसणं पुरत नाही. त्या जोडीला नियम मोडलेला कुठे आढळलेला नाही हे हवं, आणि मोडेल अशी शंका आली तर ती तर्काने दूर करावी लागते. त्यावरही पुढचे लोक भांडलेले आहेत, आणि चार्वाकांनी तर असा नियम हाती येतच नाही असं म्हटलं. एका पेपरात तुम्हाला हत्यार मिळतं. ते कुठे बोथट आहे हे या भांडणांतून कळतं, आणि भांडण चालू ठेवणाऱ्यांना विषय लागतो. एवढं सांगूनही कुणी म्हणालं की ‘बरं, तो पेपर लावू’, तर हसून मान्य कर. वादाचा विषय तत्त्वज्ञान कालबाह्य आहे का हा आहे, आणि पेपर लावा म्हणणाऱ्याने तो तुझ्या बाजूने सोडवलेला असतो.

आकड्यांबद्दल एक बारीक गोष्ट, कारण खोलात जाणारा एखादा असतोच. २० पैकी ३ आणि ४ पैकी ४ हे चौकशी आयोगाच्या अहवालातले आकडे आहेत. पण शटलच्या चौथ्या उड्डाणाचे बूस्टर समुद्रात बुडाले, त्यांची कडी कुणाला तपासताच आली नाहीत. ते उड्डाण उबदार दिवसाचं होतं. त्यामुळे कुणी ‘२० नाही, १९’ म्हणालं तर बरोबर म्हणतोय असं सांग आणि पुढे जा. थंड बाजूचे चार चारच राहतात. तापमानं मूळ फॅरनहाइटमध्ये आहेत: ५३, ७५, ६३, ६६. मी ती जवळच्या पूर्ण सेल्सिअस अंशांत आणली आहेत. कागदावर दोन्ही लिहून ठेव.

‘स्फोट’ हा शब्दही मी मुद्दाम टाळला आहे. निसटलेल्या ज्वाळेने बाहेरच्या इंधनटाकीला आणि बूस्टरच्या आधाराला गाठलं, टाकी फुटली आणि वाऱ्याच्या जोराने यानाचे तुकडे झाले. ‘स्फोट झाला’ म्हटलंस तर एरोस्पेसवाला कुणीतरी उठेल आणि तुझी दोन मिनिटं त्यात जातील.

आणखी एक मोह होईल तो भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनचा. आयोगाच्या सुनावणीत त्याने रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला होता. प्रसंग झकास आहे, पण तो सगळ्यांना माहीत असतो, आणि त्याने भाषण पुन्हा भौतिकशास्त्राकडे वळतं. रबर थंडीत ताठरतं हे आदल्या रात्री इंजिनिअरांना ठाऊकच होतं. अडचण ते ठाऊक नसण्याची नव्हतीच.

बोलण्याचं थोडं. धूर-आगीचा भाग जितका सावकाश बोलशील तितका उतरेल. संस्कृत ओळ म्हणू नकोस. ‘यत्र यत्र धूमः’ आलं की सभागृहाला वाटतं आता प्रवचन सुरू झालं. ‘अन्वय’ आणि ‘व्यतिरेक’ हे शब्द एकदाच येऊ दे. ‘लोखंडाचा गोळा’ हे मात्र ठासून म्हण, कारण सगळं भाषण त्यावर उभं आहे. तिथे समोरच्या रांगेत कुणी भुवई उंचावली किंवा शेजाऱ्याकडे पाहिलं, तर समज की पोचलं. नाही पोचलं, तर त्याच क्षणी दुसऱ्या शब्दांत एकदा सांग: ‘थंडीत धोका असतो’ हे वाक्य खोटं पाडायला थंडीत काहीच न झालेलं उड्डाण दाखवावं लागेल, उबेत काही झालेलं दाखवून चालणार नाही. आणि थंडीत काहीच न झालेलं उड्डाण एकही नव्हतं.

हे भाषण घड्याळ लावून म्हणून बघ. पाच मिनिटांच्या वर गेलं तर ‘कुणी म्हणेल, त्या रात्री इंजिनिअरच बरोबर होते’ हा परिच्छेद काप आणि प्रत्युत्तरासाठी राखून ठेव. समोरचा तो मुद्दा काढणारच आहे. तळं कापू नकोस. ते गेलं तर आयोगाचे आकडे कशाला सांगितले हे कुणालाच कळणार नाही.